फिट थांबत नसेल तर: गालातलं औषध, गुदमार्गाचं औषध आणि वजनावरची मात्रा

ओपीडीत नवीन आई-बाबा आले की मी टेबलावर दोन बाटल्या ठेवते. एक काचेची लहानशी अँप्युल, बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी नाही. दुसरी रबरी बुचाची जरा जाड कुपी. दोन्हींवर मिडाझोलाम, म्हणजे फिट थांबवायचं औषध, असं लिहिलेलं असतं. मग विचारते, "यातलं जास्त औषध कशात आहे?" जवळजवळ सगळे कुपीकडे बोट दाखवतात. खरं म्हणजे अँप्युलमध्ये १ एमएल पाणी आणि ५ मिलिग्रॅम औषध असतं, तर कुपीत ५ एमएल पाणी आणि औषध तेवढंच, ५ मिलिग्रॅम. हा लेख बराचसा या एकाच फरकाबद्दल आहे, कारण घरच्या चुका इथूनच सुरू होतात.

ज्या मुलांना आधी लांबलेली फिट येऊन गेली आहे आणि डॉक्टरांनी "हे घरी ठेवा" म्हणून औषध लिहून दिलं आहे, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर घरी औषध द्यायचा प्रश्नच नाही. थेट दवाखाना. तीन ते सहा महिन्यांच्या बाळालाही हे औषध दवाखान्यातच दिलेलं बरं. श्वासाचा जुना त्रास असलेलं किंवा आधीच झोप आणणारं औषध चालू असलेलं मूल असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात, तेव्हा त्यांना तसं आठवणीने सांगा.

घड्याळ आधी

फिट सुरू झाली की पहिलं काम औषध शोधण्याचं नाही, वेळ बघण्याचं. फोनवरचं स्टॉपवॉच चालू करा किंवा घड्याळातली वेळ मोठ्याने बोला, म्हणजे घरात दुसरं कोणी असेल त्याच्या लक्षात राहते. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं दहा वाटतात. आमच्याकडे "अर्धा तास फिट होती" असं सांगत येणाऱ्यांपैकी अनेकांच्या फोनमधले व्हिडिओ तीन मिनिटांत संपलेले असतात.

मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. दातांत चमचा घालू नका. नाकाला कांदा किंवा चप्पल लावून काही होत नाही, त्यात हातातला वेळ मात्र जातो. पाणी पाजू नका.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्यांना औषध लागत नाही. पाच मिनिटं झाली तरी चालूच असेल, तर ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, म्हणून औषधाची रेघ पाचव्या मिनिटावर मारलेली आहे. याचं दुसरंही एक कारण आहे आणि ते फारसं कोणी समजावून सांगत नाही. मिडाझोलाम आणि त्याच जातीचं डायझेपाम मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून काम करतात, त्या जागा फिट लांबत गेली की पेशीच्या आत ओढल्या जातात. म्हणजे पाचव्या मिनिटाला जे औषध चालतं, तेच विसाव्या मिनिटाला तितकं चालत नाही. "आधी गाडी बघू, दवाखान्यात पोचल्यावर देतील" असं म्हणण्यात हेच नुकसान होतं. तुमच्या मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळी वेळ लिहिली असेल, तर ती पाळा. ज्यांच्या फिट नेहमीच लांबतात, अशा काही मुलांसाठी आधी द्यायला सांगितलेलं असतं.

फिट चालू आहे की संपली?

हे ठरवणं वाटतं तेवढं सोपं नाही. फिट संपल्यावर मूल गाढ झोपी जातं, घोरतं, हाक मारली तरी उठत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, बेशुद्ध आहे, अजून चालू आहे. त्या अवस्थेत औषध दिलं तर थांबलेल्या फिटवर झोपेचा आणखी एक थर चढतो आणि श्वास उगाचच मंदावतो.

मी घरच्यांना दोन गोष्टी बघायला सांगते. पापणी हळूच वर करा. डोळे एका बाजूला ओढलेले, ताठ किंवा ठेक्यात उडत असतील, तर चालू आहे. डोळे मिटलेले आणि नजर सैल असेल, तर बहुधा संपली आहे. मग हात उचलून सोडा. हाताला ताठपणा किंवा ठराविक लयीत झटका जाणवला तर चालू, ओल्या कपड्यासारखा पडला तर संपली. कधी कधी हातपाय थांबतात, पण तोंडाचा एक कोपरा किंवा एकच अंगठा उडत राहतो. तीही फिटच, तिचीही मिनिटं मोजायची. खात्री होत नसेल, तर औषध न देता १०८ ला फोन करा आणि मुलाचा श्वास बघत बसा.

मात्रा कशी निघते

गालातून द्यायचं मिडाझोलाम साधारणपणे दर किलोला ०.३ मिलिग्रॅम. गुदमार्गाने द्यायचं डायझेपाम दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, मोठ्या मुलांत डॉक्टर ते कमी करतात. दोन्हींची एका वेळची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. हे आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. तुमच्या मुलाची मात्रा डॉक्टरच ठरवतील आणि कागदावर लिहितील.

आमच्याकडची एक मुलगी घेऊ, चार वर्षांची, वजन १४ किलो. १४ गुणिले ०.३ म्हणजे ४.२ मिलिग्रॅम. डॉक्टर सोयीसाठी ४ मिलिग्रॅम लिहितात. पण सिरिंजवर मिलिग्रॅमच्या रेघा नसतात, एमएलच्या असतात. म्हणून पुढची पायरी: बाटलीवर "५ मिलिग्रॅम प्रति एमएल" लिहिलं असेल, तर ४ भागिले ५, म्हणजे ०.८ एमएल. हाच आकडा तुमच्या कामाचा. याच मुलीला डायझेपाम द्यायचं असेल, तर १४ गुणिले ०.५, म्हणजे ७ मिलिग्रॅम. डायझेपामची अँप्युल बहुधा २ एमएलची, त्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे तीही प्रति एमएल ५. तेव्हा १.४ एमएल.

आता त्या दोन बाटल्यांकडे परत येऊ. दोन वर्षांपूर्वी एका वडिलांचा फोन आला. "सिस्टर, औषध दिलं, बरोबर ०.८ दिलं, तरी फिट थांबली नाही. शेवटी दवाखान्यात नेऊन शिरेतून द्यावं लागलं." मी म्हटलं, बाटलीचा फोटो पाठवा. फोटोत ती जाड कुपी होती, प्रति एमएल १ मिलिग्रॅमवाली. अँप्युल संपली म्हणून दुकानदाराने "तेच औषध आहे" म्हणत ती दिली होती. औषध तेच होतं. पण ०.८ एमएलमधून मुलीला मिळालं ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे ठरलेल्या मात्रेचा पाचवा भाग. चूक उलटीही होऊ शकते. कुपीच्या हिशेबाने "४ एमएल" लिहिलेला कागद आणि हातात प्रति एमएल ५ ची अँप्युल असेल, तर पाचपट औषध जाईल आणि श्वास थांबू शकेल. शिवाय कुपीचं पातळ औषध गालातून देणं जमतही नाही. ४ एमएल पाणी गालाच्या फटीत मावत नाही, घशात उतरतं.

म्हणून कागदावर तीन गोष्टी एकाच ओळीत हव्यात: औषधाचं नाव आणि प्रति एमएल किती मिलिग्रॅम, मुलाचं वजन तारखेसह, आणि द्यायचे एमएल. आमच्या त्या मुलीच्या कागदावर असं होतं: "मिडाझोलाम ५ मिलिग्रॅम प्रति एमएल, वजन १४ किलो, गालात ०.८ एमएल." दुकानातून औषध घेताना काउंटरवरच कागद आणि लेबल शेजारी धरून वाचा. ही दोन्ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, दुकानदाराला वहीत नोंद करावी लागते, म्हणून चिठ्ठी लागतेच. काही दुकानं मिडाझोलाम ठेवतच नाहीत, तेव्हा बालरोग किंवा मेंदूविकाराच्या दवाखान्याजवळचं दुकान बघा.

आणखी एक हिशेब. मूल २० किलोचं असेल, तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे १.२ एमएल. एका अँप्युलमध्ये १ एमएलच असतं. तेव्हा साधारण १७ किलोच्या वर वजन गेलं, की डब्यात दोन अँप्युल फोडण्याची तयारी हवी. हे ऐन वेळी कळलं की फार गोंधळ होतो.

नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आपल्याकडे बराच वापरला जातो. त्याची दर किलोची मात्रा गालाच्या मात्रेपेक्षा वेगळी असते आणि ती "किती वेळा दाबायचं" अशी लिहिलेली असते. गालाचा हिशेब तिथे लावू नका.

सिरिंज

गालासाठी सुई निघणारी १ किंवा २ एमएलची साधी सिरिंज घ्या. "१ एमएलची द्या" म्हटलं की दुकानदार कधी कधी इन्सुलिनची सिरिंज हातात ठेवतो. ती परत करा. तिच्यावर एमएल नसतात, युनिट असतात, आणि आपल्याकडच्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ एमएल. त्यात "८" च्या रेघेपर्यंत भरलेलं औषध ०.८ एमएल नसतं, ०.२ एमएल असतं. शिवाय त्या सिरिंजची सुई बहुधा कायमची चिकटवलेली असते, निघत नाही. सुई लावलेली सिरिंज फिट चालू असलेल्या मुलाच्या तोंडात नेणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

गालात देताना

अँप्युलच्या मानेवर ठिपका किंवा रेघ असते. आतलं औषध टिचकी मारून खाली आणा, मानेभोवती कापसाचा किंवा गॉजचा तुकडा गुंडाळा, ठिपका आपल्याकडे ठेवून वरचा भाग मागे दाबा. टक आवाज येऊन मान मोडते. सुई लावून औषध ओढा, हवेचा बुडबुडा वर आणून बाहेर काढा, कागदावरच्या रेघेवर थांबा, आणि सुई काढून टाका. "सुई काढली" हे मी घरच्यांना मोठ्याने म्हणायला लावते. उरलेलं औषध फेकून द्यायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.

हे सगळं फिट चालू असताना करायचं असल्यामुळे घरी पाण्यावर सराव करावा लागतो. पाण्याची अँप्युल मिळते, दोन मोडून बघा. पहिल्यांदा मोडताना हात थरथरतो, दुसऱ्यांदा कमी. आम्ही वेळ लावतो. शिकलेल्या माणसाला डबा उघडण्यापासून सुई काढेपर्यंत सव्वा मिनिट लागतं, न शिकलेल्याला तीन-चार. म्हणून फिट सुरू होऊन तीन मिनिटं झाली की डबा उघडायला हरकत नाही. औषध भरून हातात धरा, पाचव्या मिनिटाची वाट बघा. त्याआधी फिट थांबली, तर ते टाकून द्यायचं. अँप्युल महाग नसते.

मूल कुशीवर आहे. बोटाने ओठ आणि गाल बाजूला करा. दात घट्ट आवळलेले असले तरी चालतं, कारण औषध दातांच्या आत जायचंच नाही. खालच्या बाजूच्या गालात, हिरडी आणि गाल यांच्यामधल्या फटीत सिरिंजचं टोक सरकवा आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश सोडा. औषध जास्त असेल, तर अर्धं दुसऱ्या गालात. मग बाहेरून गाल हलका चोळा. तोंडात फार लाळ असेल, तर आधी कापडाने पुसून घ्या, नाहीतर औषध लाळेबरोबर उशीवर जातं. थोडं बाहेर आलं, तरी पुन्हा भरून देऊ नका. किती आत गेलं ते तुम्हाला कळत नाही.

अँप्युलवर इंजेक्शनचं औषध असं लिहिलेलं असतं, ते वाचून आजी-आजोबा घाबरतात. गालाच्या आतल्या त्वचेतून ते रक्तात शिरतं, पोटातून नव्हे, म्हणून लवकर काम करतं. ही पद्धत डॉक्टरांची ओळखीची आहे, लेबलवर नसली तरी.

गुदमार्गाने देताना

डायझेपाम जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. गालातलं औषध मिळत नाही किंवा तोंडातून सारखी उलटी येते आहे, तिथे ते उपयोगी पडतं. २००५ साली लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधल्या दवाखान्यांतला एक अभ्यास आला होता. त्यात गालातल्या मिडाझोलामने १०० पैकी ५६ वेळा फिट थांबली आणि श्वासही ठीक राहिला, गुदमार्गाच्या डायझेपामने २७ वेळा. म्हणून जिथे निवड आहे, तिथे हल्ली गालाला पसंती. पण हाताशी डायझेपामच असेल, तर काहीच न देण्यापेक्षा तेच द्या, कागदावर लिहिलेलं असेल तर.

मुलाला कुशीवर ठेवा, वरचा गुडघा पोटाकडे वळवा. २ एमएलच्या सिरिंजमध्ये ठरलेले एमएल भरा, सुई काढा. टोकाला थोडी व्हॅसलीन लावा. काही दवाखाने सिरिंजला बाळाला दूध देण्याच्या मऊ नळीचा छोटा तुकडा लावून देतात, तो जास्त सोयीचा. नळी मोठ्या मुलात चार-पाच सेंटिमीटर आत, तीन वर्षांखालच्या मुलात त्याच्या निम्म्यावर थांबायचं. कुठेही अडलं तर जोर लावू नका. औषध सोडल्यावर नळीत उरलेलं पुढे ढकलायला थोडी हवा ढकला. पाणी नको, कारण हे औषध पाण्यात मिसळलं की गढूळ होतं. नळी काढताना दट्ट्या दाबलेलाच ठेवा, नाहीतर औषध परत ओढलं जातं. मग दोन्ही कुल्ले हाताने दोन-तीन मिनिटं जुळवून धरा.

मुलाने लगेच शी केली, तर त्यातलं बरंच औषध गेलं असं समजा. तरीही दुसरी मात्रा स्वतःहून देऊ नका. १०८ वर तेच सांगा. सपोझिटरी, म्हणजे गुदमार्गात ठेवायची मेणाची गोळी, वितळून काम करायला वेळ घेते, म्हणून लांबलेल्या फिटसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. डायझेपाम आधीपासून सिरिंजमध्ये भरून ठेवायचं नाही, ते प्लॅस्टिकला चिकटतं आणि हळूहळू कमी होतं.

औषध दिल्यानंतर

दिलेली वेळ आणि मात्रा कागदावर लिहा. पहिल्यांदाच औषध देत असाल, तर देतानाच १०८ ला फोन करा. गावात किंवा पाड्यावर राहत असाल, गाडी यायला वेळ लागणार असेल, तर दरवेळी. फिट बहुधा पाच ते दहा मिनिटांत थांबते. दहा मिनिटांत थांबली नाही किंवा थांबून पुन्हा सुरू झाली, तर दवाखान्यातच जावं लागेल. कागदावर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर दुसरी मात्रा देऊ नका. दोन मात्रा झाल्या की श्वास मंदावण्याची भीती वाढते.

आता डोळे फिटवरून हटवून श्वासाकडे न्या. मुलाचा सदरा वर करा, छाती दिसली पाहिजे. फिट चालू असताना ओठ जरा निळसर होऊ शकतात, ते थांबल्यावर गुलाबी व्हायला हवेत. फिट थांबली, पण ओठ निळेच राहिले, श्वास अगदी उथळ झाला, श्वासांमध्ये लांब खंड पडायला लागला, तर मान किंचित मागे करून हनुवटी वर उचला, पुन्हा फोन करा आणि येत असेल तर तोंडाने श्वास द्या. वॉर्डातल्या सिस्टर बाहुलीवर दाखवतात, विचारा. मूल तासभर, कधी दोन तास गाढ झोपतं. ते ठीक आहे, पण कोणीतरी जवळ बसून राहायचं आणि पुरतं जागं होईपर्यंत काही खायला-प्यायला द्यायचं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर तोंडून निघालं पाहिजे ते असं: "नऊ वाजून दहा मिनिटांनी फिट सुरू झाली, सव्वानऊला मिडाझोलाम ४ मिलिग्रॅम गालात दिलं." तिथले डॉक्टर पुढची औषधं मोजताना घरची मात्रा धरतात. ती लपली, तर त्याच जातीचं औषध मोजल्यापेक्षा एक वेळ जास्त जातं. रिकामी अँप्युलसुद्धा बरोबर न्या.

डबा

दोन अँप्युल, दोन सिरिंज, दोन सुया, गॉज, कागद. सगळं एका छोट्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात, लहान मुलांच्या हाताबाहेर. मिडाझोलाम फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या छताखालच्या फळीवर ठेवू नका. मुदत संपण्याची तारीख डब्याच्या झाकणावर मोठी लिहा. शाळेसाठी वेगळा डबा हवा असेल, तर डॉक्टरांकडून शाळेच्या नावे पत्र घ्या, शिक्षकांना पाण्यावर सराव करून दाखवा.

परदेशातले नातेवाईक कधी कधी तिकडच्या भरलेल्या सिरिंज आणून देतात. ब्रिटन-युरोपात गालाच्या मिडाझोलामच्या तयार सिरिंज वयाप्रमाणे चार रंगांत मिळतात: पिवळी २.५, निळी ५, जांभळी ७.५, केशरी १० मिलिग्रॅम. दुसऱ्याच्या मुलाची सिरिंज तुमच्या मुलासाठी बरोबर असेलच असं नाही. तिकडे प्रति एमएल १० मिलिग्रॅमवालं औषधही मिळतं, म्हणजे आपल्या अँप्युलच्या दुप्पट दाट. तशी सिरिंज मिळाली, तर वापरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि वजन. त्या चार वर्षांच्या मुलीचं वजन पुढच्या वर्षी १४ वरून १७ झालं, मात्रा ०.८ वरून १ एमएल झाली. एका अँप्युलच्या काठावर आली, म्हणून डब्यातल्या अँप्युल वाढवल्या. जुना कागद तिच्या आईने तिथेच फाडून नवा झाकणाला चिकटवला. आम्ही दर तपासणीला वजन करतो आणि आधी विचारतो, कागद आणलाय का?